‘सविस्तर चर्चा होऊन ठरले’ या वाक्याविरुद्ध

पुरवठादाराशी झालेल्या वाटाघाटींचे इतिवृत्त कसे लिहावे याविषयी सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, ग्रामपंचायती आणि लहानमोठे कारखाने यांच्या कार्यालयांत एक मत इतके रुळलेले आहे की ते केवळ एक मत आहे, याचाही सहसा विसर पडतो. हे मत असे, की इतिवृत्त म्हणजे बैठकीच्या निष्पत्तीची नोंद. त्यात काय ठरले एवढेच यावे, जे ठरले नाही ते ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत आटोपावे, आणि कोण काय म्हणाले हे कागदावर मुळीच आणू नये, कारण त्याने संबंध बिघडतात, भूमिका ताठर होतात आणि पुढे कोणीतरी तोच कागद आपल्याविरुद्ध वापरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या विरुद्ध आहे. खरेदीच्या वाटाघाटींत ज्या इतिवृत्तात मान्य मुद्दे, प्रलंबित मुद्दे आणि दोन्ही बाजूंच्या भूमिका परस्परांपासून वेगळ्या ठेवलेल्या नसतात ते इतिवृत्त अपुरे तर असतेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ते न झालेला करार झाल्यासारखा दाखवते आणि झालेल्या कराराबद्दल शंका उत्पन्न करते.

या तीन संज्ञांचा अर्थ आधी निश्चित करणे आवश्यक आहे. मान्य मुद्दा म्हणजे दोन्ही बाजूंच्या अधिकार असलेल्या प्रतिनिधींनी एकाच शब्दांत, एकाच अर्थाने आणि न सुटलेल्या कोणत्याही अटीवर अवलंबून न ठेवता स्वीकारलेली गोष्ट. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १३ मध्ये संमतीची कसोटी हीच आहे, म्हणजे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने दिलेला होकार. आणि कलम ७ प्रमाणे प्रस्तावाची स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त असावी लागते. प्रलंबित मुद्दा म्हणजे ज्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही असा प्रश्न, आणि तो प्रश्न म्हणूनच लिहायचा असतो. भूमिका म्हणजे त्या प्रश्नावर एका बाजूने बैठकीत मांडलेले शेवटचे म्हणणे, जे त्या बाजूच्या नावानेच नोंदवायचे असते. या तिन्हींत फरक आहे हे कोणीही नाकारत नाही. वाद आहे तो हा फरक कागदावर दिसावा की लिहिणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या स्मरणावर सोडावा याविषयी.

हा वाद अमूर्त पातळीवर सुटणारा नसल्यामुळे एक उदाहरण तपशिलाने घेणे योग्य ठरेल. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेलगत असलेला पेठ हा आदिवासीबहुल तालुका भात आणि नागली यांचा आहे. येथे पावसाच्या पाण्यावर होणारे भात शेतकरी घरी खाण्यापुरते ठेवून उरलेले विकतात, आणि ते भात म्हणून विकण्याऐवजी भरडून तांदूळ म्हणून विकावे, असा विचार अशा भागांतील उत्पादक गट व कंपन्या करतात. पेठमधील अशा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने भात भरडण्याचे यंत्र घ्यायचे ठरवले आणि परजिल्ह्यातील एका यंत्रपुरवठादाराशी बैठक घेतली, अशी कल्पना करावी. ही कंपनी, हा पुरवठादार आणि पुढे येणारे त्यांचे आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत; मात्र अशा खरेदीत जे प्रश्न उभे राहतात ते प्रत्यक्षातले आहेत. यंत्र तासाला ५०० किलो भात भरडणारे आहे, त्याला सुमारे १५ अश्वशक्तीची मोटर आणि म्हणून थ्री-फेज जोडणी लागते. पुरवठादाराचे दरपत्रक ८,४०,००० रुपयांचे आहे. बैठक दोन तास चालते आणि शेवटी कंपनीचा सचिव पुढीलप्रमाणे इतिवृत्त लिहितो:

‘यंत्राच्या किमतीबाबत सविस्तर चर्चा होऊन किंमत रु. ७,९०,००० ठरली. आगाऊ रकमेबाबत चर्चा झाली. यंत्राचा उतारा चांगला मिळेल, असे पुरवठादाराने सांगितले. यंत्र कापणीपूर्वी पोहोचविण्याचे मान्य करण्यात आले. थ्री-फेज जोडणीबाबत कार्यवाही करण्याचे ठरले.’

रूढ मताप्रमाणे हे चांगले इतिवृत्त आहे. ते थोडक्यात आहे, त्यात कटुता नाही, दोन्ही बाजू त्यावर आनंदाने सही करतील. बैठकीत प्रत्यक्षात घडले होते ते मात्र वेगळे. पुरवठादाराने ५०,००० रुपये कमी करण्याची तयारी दाखवली ती किमतीच्या ६० टक्के रक्कम आगाऊ मिळेल या अटीवर. कंपनी ३० टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हती. ‘कापणीपूर्वी’ म्हणताना कंपनीच्या मनात ऑक्टोबरचा आरंभ होता, तर पुरवठादाराच्या हिशेबात आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्यापासूनचे ४५ दिवस होते. थ्री-फेज जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज कोणी करायचा आणि त्याचा खर्च कोणाचा, हे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर सोडून दिले होते. आणि उतारा, म्हणजे शंभर किलो भातामागे मिळणारा तांदूळ, किती याच्या आकड्यावर एकमत झालेले नव्हते. म्हणजे पाच वाक्यांपैकी एकही वाक्य खरी मान्यता सांगत नाही, तरीही त्यांतील तीन वाक्ये ‘ठरली’, ‘मान्य करण्यात आले’, ‘ठरले’ या क्रियापदांनी संपतात.

तीन आठवड्यांनी काय होते हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. कंपनी ३० टक्के रक्कम पाठवते. पुरवठादार ती ठेवून घेतो आणि ८,४०,००० रुपयांचे पक्के बिल पाठवतो. कंपनी इतिवृत्त दाखवते, त्यात ७,९०,००० स्पष्ट लिहिलेले आहे. पुरवठादार सांगतो की ती किंमत ६० टक्क्यांच्या अटीवर होती, आणि त्याच्या सोबत बसलेली माणसे त्याला दुजोरा देतात. कंपनीच्या संचालकांपैकी जे बैठकीला नव्हते ते सचिवाला विचारतात की अट होती तर लिहिली का नाही. सचिव प्रामाणिक असतो. त्याने रूढीप्रमाणे ‘ठरले ते’ लिहिलेले असते. दोष त्याच्या हेतूत नसून लिहिण्याच्या साच्यात आहे.

या टीकेला रूढ मताच्या बाजूने एक बलवान उत्तर दिले जाते आणि त्याचा विचार सर्वांत आधी केला पाहिजे. ते असे, की वाटाघाटींत कोणताच मुद्दा एकटा नसतो. किंमत आगाऊ रकमेला बांधलेली असते, आगाऊ रक्कम मुदतीला, मुदत हमीला. अशा गुंफलेल्या गोष्टी मान्य आणि प्रलंबित अशा दोन कप्प्यांत टाकल्या की त्यांतला धागा तुटतो, आणि किंमत मान्य कप्प्यात गेली, आगाऊ रक्कम प्रलंबित कप्प्यात राहिली की वर सांगितलेलाच अनर्थ वेगळ्या मार्गाने घडतो. म्हणून या गोष्टी सलग परिच्छेदात, चर्चेच्या ओघात लिहिणेच बरे, असा या मताचा निष्कर्ष असतो.

या आक्षेपातील निरीक्षण पूर्णपणे खरे आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे. मुद्दे परस्परांना बांधलेले असतात, म्हणूनच मान्य कप्प्यात जाण्याची कसोटी कडक हवी: ज्या मुद्द्याची मान्यता दुसऱ्या न सुटलेल्या मुद्द्यावर अवलंबून आहे तो मान्य नव्हेच, मग त्याचा आकडा दोन्ही बाजूंनी उच्चारलेला का असेना. ७,९०,००० हा आकडा दोघांनीही मुखाने म्हटला, पण एकाने तो ६० टक्क्यांसह म्हटला आणि दुसऱ्याने ३० टक्क्यांसह. त्यामुळे तो आकडा आणि आगाऊ रक्कम हे मिळून एकच प्रलंबित मुद्दा होतात आणि ते एकाच क्रमांकाखाली, एकत्र लिहावे लागतात. सलग परिच्छेद हा धागा जपतो असा समज असला, तरी अनुभव उलट आहे, कारण वर दिलेल्या इतिवृत्तात तो धागा परिच्छेदातच तुटला. किंमत पहिल्या वाक्यात राहिली, अट दुसऱ्या वाक्यात ‘चर्चा झाली’ या शब्दांखाली पुरली गेली. वर्गवारीमुळे धागा तुटत नाही. उलट कोणता मुद्दा कोणाला बांधलेला आहे हा प्रश्न लिहिणाऱ्याला विचारावाच लागतो, कारण त्याशिवाय तो मुद्दा कुठे टाकायचा हेच ठरत नाही. परिच्छेद लिहिताना हा प्रश्न टाळता येतो आणि बहुधा टाळलाच जातो.

त्याच बैठकीचे वेगळे इतिवृत्त असे लिहिता येईल. मान्य मुद्द्यांत एवढेच येईल: ‘यंत्राची क्षमता तासाला ५०० किलो भात. यंत्र पेठ येथील कंपनीच्या गोदामापर्यंत आणून उतरवून देण्याचा सर्व खर्च पुरवठादाराचा. यंत्राचा पाया पुरवठादाराने दिलेल्या नकाशाप्रमाणे कंपनी स्वखर्चाने बांधील. हे तीनही मुद्दे इतर कोणत्याही मुद्द्याच्या निर्णयावर अवलंबून नाहीत.’ ही यादी छोटी आहे याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. बैठकीत एवढेच ठरले होते. नाशिकहून पेठला येताना सावळघाट चढून-उतरून जड यंत्र आणायचे असते आणि ते उतरवायला क्रेन किंवा हमाल लागतात, तेव्हा ‘उतरवून देण्याचा’ हे शब्द मान्य मुद्द्यात असणे हे किमतीच्या निम्म्या वादाइतकेच मोलाचे आहे.

प्रलंबित मुद्द्यांत पहिला मुद्दा असा येईल: ‘किंमत व आगाऊ रक्कम (एकत्रित मुद्दा). पुरवठादाराची भूमिका: ६० टक्के आगाऊ मिळाल्यास जीएसटी वगळून रु. ७,९०,०००; अन्यथा दरपत्रकाप्रमाणे रु. ८,४०,०००. कंपनीची भूमिका: जीएसटी वगळून रु. ७,९०,०००, आगाऊ ३० टक्के, उर्वरित रक्कम यंत्र चालवून दाखविल्यावर. पुढील कार्यवाही: कंपनी आपल्या संचालक मंडळाचा निर्णय पुढील बैठकीपूर्वी लेखी कळवील. तोपर्यंत कोणतीही रक्कम पाठविली जाणार नाही.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. करार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे प्रस्तावातील अटी पार पाडणे किंवा प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला स्वीकारणे हीही स्वीकृती ठरते. म्हणजे मुद्दा प्रलंबित असताना पैसे हलले, की कोणती भूमिका स्वीकारली गेली यावर नवा वाद उभा राहतो. प्रलंबित मुद्द्याखाली कोणी काय करायचे एवढे लिहून भागत नाही. निर्णय होईपर्यंत काय करायचे नाही, हेही लिहावे लागते.

उताऱ्याचा मुद्दा अधिक खोलात पाहण्यासारखा आहे, कारण भूमिका कागदावर आणू नयेत या मताचे खंडन तिथे सर्वांत स्पष्ट होते. शासनाच्या आधारभूत किंमत योजनेतील भाताची भरडाई करून देणाऱ्या गिरण्यांकडून साध्या, म्हणजे न उकडलेल्या, तांदळासाठी एका क्विंटल भातामागे ६७ किलो तांदूळ अपेक्षित धरला जातो. यंत्रपुरवठादार याच्या आसपासचा किंवा त्याहून चढा आकडा सहज सांगतात. परंतु उतारा यंत्रावर जितका अवलंबून असतो तितकाच भातावर असतो: दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या बराच वर असेल, किंवा भात उन्हात झपाट्याने वाळवल्याने दाण्याला तडे गेलेले असतील, तर दाणा रबरी रोलरखाली फुटतो आणि अख्ख्या तांदळाऐवजी कणी वाढते. पेठसारख्या भरपूर पावसाच्या भागात कापणीच्या वेळी ओलाव्याचा प्रश्न हमखास असतो. उताऱ्यातला दोन टक्क्यांचा फरक हंगामात १,००० क्विंटल भात भरडणाऱ्या कंपनीसाठी २० क्विंटल तांदळाचा असतो, आणि तांदूळ तेवढाच भरला तरी कणी वाढल्याने भाव पडतो तो वेगळाच.

आता बैठकीत कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितले की आम्ही स्थानिक जाडे वाण आणि इंद्रायणी अशी दोन्ही भाते भरडणार आहोत, ओलावा नेहमीच नियंत्रणात असेल असे नाही, आणि या परिस्थितीत ६५ टक्क्यांखाली उतारा येऊ नये. पुरवठादार म्हणाला की १४ टक्के ओलाव्याच्या स्वच्छ भातावर ६७ टक्क्यांची हमी देऊ, त्याहून ओल्या भातावर कोणतीच हमी देता येणार नाही. हा मुद्दा त्या दिवशी सुटला नाही. रूढ मताप्रमाणे तो ‘चर्चा झाली’ या शब्दांत जाईल, कारण ठरले काहीच नाही. परंतु माल विक्री कायदा, १९३० याच्या कलम १६ प्रमाणे, खरेदीदाराने आपला विशिष्ट उपयोग विक्रेत्याला कळवला असेल आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर अवलंबून राहिला असल्याचे त्यातून दिसत असेल, तर माल त्या उपयोगास योग्य असण्याची गर्भित अट कराराला जोडली जाते; मात्र ठरावीक व्यापारी नावाने मागितलेल्या वस्तूला हा आधार मिळत नाही. कंपनीची भूमिका, म्हणजे कोणते भात, कोणत्या ओलाव्यावर, कोणत्या अपेक्षेने, ही इतिवृत्तात तिच्या नावाने नोंदवली गेली असेल तर उपयोग कळवल्याचा तो लेखी पुरावा होतो, मग पुढे हमीचा आकडा ठरो वा न ठरो. ‘चर्चा झाली’ या शब्दांनी हा पुरावा खरेदीदाराच्या हातून जातो. त्याच वेळी पुरवठादाराचीही भूमिका लिहिली जाते आणि तिचा लाभ त्याला मिळतो: ओल्या भातावर हमी देता येणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले होते हे दाखवता येते. दोन्ही बाजूंची भूमिका लिहिली जाणे हा कोणाचा पक्षपात नव्हे. जिचे म्हणणे खरे होते त्या बाजूला पुढे त्याचा आधार मिळतो एवढेच.

भूमिका लिहिल्याने ती ताठर होते या समजुतीचाही येथेच निकाल लागतो. भूमिका ताठर होते ती बैठकीनंतर तिचा विपर्यास झाल्यावर, म्हणजे आपण काय म्हणालो होतो याविषयी दुसरी बाजू भलतेच सांगू लागल्यावर. स्वतःचे म्हणणे जसेच्या तसे लिहिलेले पाहिलेला माणूस त्यापासून मागे हटायला अधिक तयार असतो, कारण मागे हटताना काय सोडतो आहोत आणि त्या बदल्यात काय मागायचे हे त्याला दिसते. पुरवठादार ६७ टक्क्यांवरून ६६ वर आला, पण ओलाव्याची मर्यादा १५ पर्यंत वाढवली, अशी देवाणघेवाण तेव्हाच शक्य होते जेव्हा आधीचे दोन आकडे समोर असतात.

भूमिकांच्या नोंदीला मर्यादा मात्र आहेत आणि त्या न पाळणाऱ्यांमुळेच रूढ मताला बळ मिळते, हे मान्य केले पाहिजे. टेबलावर दुसऱ्या बाजूसमोर जे बोलले गेले तेवढेच भूमिकेत यावे. कंपनीच्या लोकांनी चहाच्या वेळी बाहेर जाऊन आपसांत ठरवलेली शेवटची मर्यादा, एखाद्या संचालकाचा वेगळा सूर, पुरवठादाराच्या मनात काय असावे याचा तर्क, यांपैकी काहीही या कागदावर येता कामा नये. ते स्वतःच्या स्वतंत्र टिपणात ठेवावे. चर्चेत भूमिका तीन वेळा बदलली असेल तर शेवटची तेवढी लिहावी, प्रवास लिहू नये. विशेषणे टाळावीत: ‘पुरवठादाराने आडमुठी भूमिका घेतली’ हे वाक्य इतिवृत्तात अक्षम्य आहे. वाद मिटवण्यासाठी झालेल्या बोलण्यांना, ती पुरावा म्हणून वापरली जाऊ नयेत अशा अटीवर झाली असतील तर, साक्ष्य कायद्याचे काही संरक्षण असते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही ते आहे. परंतु खरेदीच्या साध्या वाटाघाटींत वाद अजून उद्भवलेलाच नसतो, त्यामुळे त्या संरक्षणावर विसंबून इतिवृत्तात मनमोकळे लिहिणे धोक्याचे आहे. खरा बचाव कमी आणि नेमके लिहिण्यात आहे.

मान्य आणि प्रलंबित यांच्यामधली रेष किती महत्त्वाची आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून दिसते, आणि ते दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. ड्रेसर रँड विरुद्ध बिंदल अ‍ॅग्रो केम या २००६ च्या प्रकरणात एका फ्रेंच कंपनीकडून खत कारखान्यासाठी कॉम्प्रेसर घेण्याच्या वाटाघाटी झाल्या होत्या आणि कराराच्या सर्वसाधारण अटींतील बदलांवर दोन्ही बाजूंचे एकमतही झाले होते. परंतु प्रत्यक्ष खरेदी आदेश निघाले नाहीत. न्यायालयाने म्हटले की करार झाला तर तो कोणत्या अटींनी चालेल यावर सहमत होणे म्हणजे करार करणे नव्हे. उलट ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त अ‍ॅल्युमिनियम या २०१० च्या प्रकरणात बॉक्साइटच्या पाच जहाजांच्या व्यवहारात प्रस्ताव आणि स्वीकृती ई-मेलवर झाली होती, औपचारिक करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या; न्यायालयाने सर्व आवश्यक बाबींवर सहमती झाल्याचे मानून करार झाला असे ठरवले. यांतून निघणारा बोध असा, की मान्यता किती खोलवर गेली आहे आणि बंधनात येण्याचा इरादा आहे की नाही, हे न्यायालय कागदांवरून ठरवते, आणि वाटाघाटींचे इतिवृत्त हा त्या कागदांपैकी अत्यंत महत्त्वाचा कागद असतो. ज्याला अजून करार करायचा नाही त्याने इतिवृत्ताच्या वरच लिहिले पाहिजे की ही चर्चेची नोंद आहे आणि करार केवळ संचालक मंडळाच्या मान्यतेनंतर निघणाऱ्या सहीच्या खरेदी आदेशानेच होईल. ज्याला करार झाला असे म्हणायचे आहे त्याने प्रलंबित यादी रिकामी करून दाखवली पाहिजे.

येथे ‘तत्त्वतः मान्य’ या शब्दांचा समाचार घेणे अटळ आहे, कारण महाराष्ट्रातील कार्यालयीन लेखनात मान्य आणि प्रलंबित यांच्यामधली ही धूसर जागा सर्वांना सोयीची वाटते. ‘उताऱ्याची हमी तत्त्वतः मान्य’ असे लिहिले की पुरवठादार समजतो हमी देण्याची कल्पना मान्य, आकडा पुढे; कंपनी समजते आकडा मान्य, शब्दरचना पुढे. करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित नाही किंवा निश्चित करता येत नाही असा करार शून्य ठरतो. म्हणून वाटाघाटींच्या इतिवृत्तात ‘तत्त्वतः’ या शब्दाला जागा नसावी. कल्पना मान्य असेल तर ती कल्पना मान्य मुद्द्यात एका वाक्यात लिहावी: ‘करारात उताऱ्याची हमी असेल.’ आकडा प्रलंबित असेल तर तो प्रलंबित मुद्द्यात, दोन्ही बाजूंच्या आकड्यांसह लिहावा. एका मुद्द्याचे असे दोन तुकडे करता येतात आणि करावेत. मात्र प्रत्येक तुकड्याला दुसऱ्याचा क्रमांक द्यावा. अधिकाराचा प्रश्नही इथलाच: पुरवठादाराचा विक्री प्रतिनिधी ‘मुख्य कार्यालयाच्या मान्यतेच्या अधीन राहून’ होकार देत असेल तर तो होकार नव्हे, भूमिका आहे.

शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांतून येणारा आक्षेप थोडा वेगळा आहे. प्रलंबित मुद्दे कागदावर राहिले की लेखापरीक्षणात विचारणा होते आणि माहिती अधिकारात प्रत मागितली जाते, म्हणून ते लिहूच नयेत, असे तेथे म्हटले जाते. हा युक्तिवाद उलट दिशेने लागू पडतो. सार्वजनिक खरेदीत निविदा उघडल्यानंतरच्या वाटाघाटींना फार थोडी जागा असते. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००७ च्या परिपत्रकाप्रमाणे त्या अपवाद म्हणूनच आणि न्यूनतम देकार देणाऱ्याशीच करायच्या असतात. अशा स्थितीत कोणता दर मागितला, कोणता देऊ केला आणि काय मान्य झाले, हे वेगवेगळे दिसणे हीच अधिकाऱ्याची ढाल आहे. लेखापरीक्षक विचारतो तो प्रश्न असतो, दर का वाढला. आणि ज्या इतिवृत्तात प्रलंबित मुद्दा आणि दोन्ही भूमिका आहेत त्यातच त्याचे उत्तर असते.

राहतो तो वेळेचा आक्षेप, आणि तो किरकोळ आहे. तीन भागांचे इतिवृत्त बैठक संपल्यावर आठवणीने लिहायला घेतले तर वेळ लागतो. बैठकीतच, प्रत्येक मुद्दा संपताना ‘हे मान्य धरू का, की प्रलंबित’ असे मोठ्याने विचारून लिहिले तर लागत नाही. या प्रश्नाचे खरे फळ वेगळेच असते: पुष्कळदा त्या एका प्रश्नाने दोन्ही बाजूंना कळते की आपण वेगवेगळ्या गोष्टींना होकार देत होतो, आणि मुद्दा जागीच सुटतो. मसुदा दुसऱ्या दिवसापर्यंत पाठवावा आणि दुरुस्त्या मागवाव्यात, परंतु दुरुस्ती बैठकीत काय बोलले गेले याची असावी, नंतर सुचलेल्या भूमिकेची नव्हे. नवी भूमिका पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात जाते. ‘सात दिवसांत हरकत न आल्यास इतिवृत्त बरोबर समजले जाईल’ हे वाक्य उपयुक्त आहे, पण त्याचा अर्थ तेवढाच: नोंद बरोबर समजली जाईल. मौन राहिल्याने दुसऱ्या बाजूची भूमिका मान्य झाली असे त्यातून निघत नाही, कारण मौन ही सर्वसाधारणपणे स्वीकृती नव्हे. सहीबाबतही हेच: सहीच्या वर ‘नोंद बरोबर आहे’ असे छापलेले असावे, ‘मान्य’ असे नसावे. आणि शेवटी खरेदी आदेश निघतो तेव्हा त्यात इतिवृत्तातील कोणते मान्य मुद्दे कराराचा भाग आहेत हे क्रमांकाने लिहावे, कारण लेखी करार झाल्यावर त्याच्याशी विसंगत असे आधीचे तोंडी बोलणे कायदा ऐकून घेत नाही, आणि आधीच्या कागदांचेही स्थान त्या आदेशाच्या शब्दांवर ठरते.

पेठसारख्या तालुक्यात उत्पादक कंपनीचा सचिव बहुधा शिकलेला, पण खरेदीच्या व्यवहारात नवखा तरुण असतो आणि समोर बसलेला पुरवठादार दर महिन्याला अशा दहा बैठका करणारा असतो. ‘सविस्तर चर्चा होऊन ठरले’ हे वाक्य या दोघांपैकी नेहमी दुसऱ्याच्याच उपयोगी पडते, कारण अर्थाची खातरजमा ज्याला अनुभव आहे तो करतो आणि जो नवखा आहे तो विश्वास ठेवतो. म्हणून अशा कंपन्यांच्या संचालकांना एवढीच विनंती आहे की ज्या इतिवृत्तात ‘ठरले’ या शब्दासोबत कोणी, काय, किती आणि कोणत्या अटीवर हे लिहिलेले नाही त्यावर सही करू नये, आणि प्रलंबित मुद्द्यांची यादी रिकामी होईपर्यंत आगाऊ रकमेचा धनादेश फाडू नये.